डब्यावर बारा पोर्ट, मागे सहा : मिरजेतील एका गायनवर्गासाठी मदरबोर्डची निवड

मिरजेत गायनाचे वर्ग घेणाऱ्या एका ताईंसाठी नवा संगणक जोडण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा एका दुकानाचे कोटेशन त्यांच्या हातात आधीच होते. त्यात इंटेलचा आय-५ १२४००एफ प्रोसेसर, बी-७६० चिपसेटचा एक स्वस्त मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम आणि ५०० जीबीचा एसएसडी होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. किंमत वाजवी होती आणि सुटे भागही चांगले होते. ताईंची शंका एवढीच होती : "दादा, माझ्याकडे जोडायच्या वस्तू पुष्कळ आहेत. डब्यावर बारा यूएसबी लिहिलंय, म्हणजे पुरतील ना?" मी डबा न उघडता बोर्डचे मॅन्युअल आणि त्याच्या मागच्या बाजूचा फोटो समोर घेतला. तासाभरात असे दिसून आले की त्या कोटेशनप्रमाणे संगणक जोडला असता तर यूएसबी अपुरे पडलेच असते, शिवाय एकाही पडद्यावर चित्र आले नसते. हे कसे ध्यानात आले आणि शेवटी काय घेतले, ते येथे सविस्तर मांडतो.

बोर्ड पाहण्याआधी मी ताईंच्या खोलीतील वस्तूंची यादी केली, कारण गरज मोजल्याशिवाय पोर्ट मोजण्यात अर्थ नसतो. ताई अमेरिकेतील आणि पुण्यातील विद्यार्थिनींना ऑनलाइन शिकवतात, समोर बसणाऱ्या मुलींचेही वर्ग घेतात, आणि धडे ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिचित्रमुद्रित करतात. यूएसबीने कायम जोडलेल्या राहतील अशा वस्तू आठ निघाल्या : कीबोर्ड, वायरलेस माऊसचा रिसीव्हर, यूएसबी माइक, चेहऱ्यासमोरचा वेबकॅम, हार्मोनियमवरील बोटे दाखवणारा दुसरा वेबकॅम, प्रिंटर, यूपीएसची डेटा केबल आणि मुद्रणे साठवण्याचा बाहेरचा एसएसडी. पेनड्राइव्ह आणि मोबाइलची केबल ही येती-जाती मंडळी, त्यांना कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट पुरेसे आहेत. पडदे तीन होते : नवा चोवीस इंची मॉनिटर, जुना एकोणीस इंची मॉनिटर, आणि समोरच्या मुलींना नोटेशन दिसावे म्हणून भिंतीवर लावलेला ४के टीव्ही. आवाजाच्या बाजूला स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेल्या स्पीकरची एक जोडी होती आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. तंबोऱ्यांच्या गावात इलेक्ट्रॉनिक तानपुरा कशाला, असे कोणी विचारील; परंतु मुद्रणात तानपुऱ्याचा आवाज माइकमधून न घेता सरळ तारेने घेतला, तर तो गळ्याच्या आवाजात मिसळत नाही आणि नंतर हवा तसा कमी-जास्त करता येतो.

यादी करताना प्रत्येक वस्तूच्या केबलचे टोक मी हातात घेऊन पाहिले. एसएसडीसोबत दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल होती, म्हणजे त्याला मागे टाइप-सी पोर्ट सरळ चालणार होता. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीएचे सॉकेट होते, टीव्हीला केवळ एचडीएमआय, आणि नव्या मॉनिटरला एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट दोन्ही. "तीन पडदे" एवढे लिहून थांबले असते, तर कोणत्या पडद्याला कोणते तोंड आहे हा खरा प्रश्न निसटला असता.

आता डब्यावरच्या बारा पोर्टांचा हिशेब. मॅन्युअलमध्ये यूएसबीची नोंद पाहिली की आकड्याखाली दोन भाग दिसतात : एक मागच्या पॅनेलवरचे प्रत्यक्ष पोर्ट, आणि दुसरा बोर्डवरच्या हेडरमधून काढता येऊ शकणारे पोर्ट. या बोर्डला मागे दोन यूएसबी २.०, तीन यूएसबी ३.२ जेन १ आणि एक टाइप-सी, असे सहा पोर्ट होते. आत यूएसबी ३ चा एक हेडर होता, त्यातून दोन पोर्ट निघतात. आणि यूएसबी २.० चे दोन हेडर होते, त्या प्रत्येकातून दोन, म्हणजे चार निघतात. सहा, दोन आणि चार मिळून बारा. कंपनीचा आकडा खोटा नव्हता, मात्र हेडर म्हणजे बोर्डवर उभ्या असलेल्या पिना असतात. त्यांना कॅबिनेटची वायर लागली नाही तर त्यातून पोर्ट होत नाही. निवडलेल्या कॅबिनेटला पुढे एक यूएसबी ३ आणि दोन यूएसबी २.० होते. त्यामुळे यूएसबी ३ च्या हेडरमधील दुसरा पोर्ट वाया जात होता आणि यूएसबी २.० चा एक हेडर रिकामा राहत होता. हाती नऊच पोर्ट येणार होते, त्यांपैकी मागे सहा. आणि गरज मागे आठांची होती.

यूएसबीची नावे मॅन्युअलमध्ये इतकी बदलत गेली आहेत की वाचताना माणूस हमखास फसतो. यूएसबी ३.०, यूएसबी ३.१ जेन १ आणि यूएसबी ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच ५ गिगाबिटच्या पोर्टची नावे आहेत, यूएसबी ३.२ जेन २ म्हणजे १० गिगाबिट. त्यामुळे मी नाव सोडून फक्त वेग लिहून ठेवतो. प्रत्यक्ष बोर्डवर ओळखायचे असेल, तर निळा रंग बहुतेक वेळा ५ गिगाबिटचा असतो, परंतु रंग पाळणे बंधनकारक नाही आणि अलीकडच्या अनेक बोर्डांवर तांबडे, फिकट हिरवे किंवा नुसते काळे पोर्टही आढळतात. शंका असली की मी मोबाइलच्या उजेडात टाइप-ए सॉकेटमधील प्लॅस्टिकच्या जिभेकडे पाहतो. यूएसबी २.० मध्ये धातूचे चारच संपर्क दिसतात. वेगवान पोर्टमध्ये त्या चारांखेरीज आणखी पाच असतात, आणि ते डोळ्यांनी मोजता येतात. ५ आणि १० गिगाबिटमधील फरक मात्र असा दिसत नाही, त्यासाठी पोर्टजवळ छापलेला आकडा किंवा मॅन्युअलच पाहावे लागते.

यूएसबी कमी पडले असते तरी एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा एखादा हब लावून काम भागले असते. पडद्यांची चूक अधिक गंभीर होती. त्या बोर्डच्या मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट होता, आणि दुकानदाराने त्या बळावरच "दोन मॉनिटर आरामात चालतील" असे सांगितले होते. मात्र बोर्डवरचे हे पोर्ट स्वतः चित्र तयार करत नाहीत. प्रोसेसरच्या आत असलेल्या ग्राफिक्सचे चित्र ते फक्त बाहेर आणून देतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो, त्यात हे ग्राफिक्स बंद केलेले असते. म्हणजे १२४००एफ घातल्यावर मागचे दोन्ही पोर्ट जागच्या जागी दिसणार, केबलही त्यांत नीट बसणार, पंखे फिरणार, परंतु पडदा काळाच राहणार. अशा वेळी लोक रॅम काढून घालतात, मॉनिटर बदलतात, बोर्ड परत पाठवतात. दोष मात्र कशातच नसतो. एएमडीच्या बाजूलाही असेच आहे : रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही आणि ५६००जी मध्ये आहे, तरी दोन्ही एकाच बोर्डवर बसतात. म्हणून मागचे पॅनेल वाचताना चित्राच्या पोर्टांपुढे मी आधी प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, लिहितो आणि मगच ते पोर्ट मोजणीत धरतो.

येथे दोन वाटा होत्या. एफचा प्रोसेसर ठेवून तीन तोंडांचे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे, किंवा एफ नसलेला साधा १२४०० घ्यायचा आणि तीन पडद्यांचे पोर्ट असलेला बोर्ड शोधायचा. ताईंना ना खेळ खेळायचे होते ना जड व्हिडिओ संपादन करायचे होते, त्यामुळे कार्डाचा खर्च मला पटला नाही. साध्या १२४०० मधील यूएचडी ७३० हे ग्राफिक्स एका वेळी चार पडद्यांपर्यंत चालवू शकते. मात्र ही प्रोसेसरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात बोर्डने जेवढी तोंडे बाहेर काढली असतील तेवढेच पडदे लागतात.

दुसरा बोर्ड त्याच चिपसेटचा, किमतीने थोडा अधिक. त्याच्या मागच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे वाचत गेलो, तेव्हा कीबोर्ड-माऊससाठीचा एक गोल पीएस/२, मग चार यूएसबी २.०, त्यानंतर व्हीजीए, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, पुढे ५ गिगाबिटचे दोन, १० गिगाबिटचा एक आणि एक टाइप-सी, नेटवर्कचा पोर्ट, आणि शेवटी आवाजाचे तीन जॅक असे दिसले. तीन पडद्यांना तीन वेगवेगळी तोंडे होती आणि आमच्या पडद्यांची मागणीही नेमकी तशीच होती : व्हीजीए जुन्या मॉनिटरला, एचडीएमआय टीव्हीला आणि डिस्प्लेपोर्ट नव्या मॉनिटरला. नव्या मॉनिटरच्या खोक्यात केबल एचडीएमआयचीच निघाली, म्हणून डिस्प्लेपोर्टची केबल वेगळी घ्यावी लागली. दोन पडदे एचडीएमआयचेच असते, तरी डिस्प्लेपोर्टपासून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल बहुधा चालली असती. उलट दिशेने, म्हणजे बोर्डच्या एचडीएमआयमधून मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टमध्ये, ती केबल चालत नाही. टोके बसतात म्हणून ती कोणत्याही बाजूने लावता येईल, असा समज अनेकांचा असतो.

टीव्ही ४के असल्यामुळे एचडीएमआयच्या ओळीतील बारीक अक्षरेही वाचावी लागली. एचडीएमआय १.४ चा पोर्ट ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच देतो आणि त्यावर माऊसचा बाण ओढल्यासारखा हलतो, २.० पासून पुढे ६० मिळतात. या बोर्डच्या मॅन्युअलमध्ये ४के पुढे ६० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिले होते. टाइप-सीबद्दलही एक शब्द सांगितला पाहिजे. लॅपटॉपच्या सवयीने टाइप-सीमधून चित्र मिळेल असे अनेकांना वाटते, मात्र डेस्कटॉप बोर्डच्या मागचा टाइप-सी बहुतेक वेळा केवळ डेटाचा असतो. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टची खूण नसेल आणि मॅन्युअलमध्ये तसे लिहिलेले नसेल, तर तो पडद्यांच्या मोजणीत धरू नये. आमच्या बोर्डवर अशी खूण नव्हती, म्हणून तो एसएसडीच्या वाट्याला गेला.

यूएसबीचा हिशेब आता असा जमला : टाइप-ए सात, त्यांत कीबोर्ड, माऊसचा रिसीव्हर, माइक, दोन कॅमेरे, प्रिंटर आणि यूपीएस, टाइप-सी एक, त्यात एसएसडी. आठाला आठ. बरोबर पुरतात असे म्हणून मी सहसा थांबत नाही, कारण शेजारी-शेजारी किंवा वर-खाली असलेल्या पोर्टांमध्ये अंतर इतके कमी असते की एखादी जाडजूड वस्तू आत बसली की शेजारचा पोर्ट निकामी होतो. म्हणून आतल्या रिकाम्या यूएसबी २.० हेडरला दोन पोर्टांची एक पट्टी जोडली. कॅबिनेटच्या मागे कार्डासाठीची जी उभी फट असते, त्यात ती पट्टी स्क्रूने बसते. त्यामुळे मागे दहा पोर्ट झाले. यूपीएस आणि प्रिंटर त्या पट्टीवर नेले आणि पॅनेलवर दोन जागा मोकळ्या राहिल्या.

कोणती वस्तू कोणत्या पोर्टला, हे ठरवण्यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो कारणी लागला. दोन्ही वेबकॅम यूएसबी २.० चेच होते, तेव्हा त्यांना वेगवान पोर्ट देण्याची गरज वरवर पाहता नव्हती. परंतु मॅन्युअलमधील आकृतीत दिसत होते की मागचे चारही यूएसबी २.० पोर्ट बोर्डवरच्या एका हबमधून जातात, म्हणजे चौघांना मिळून ४८० मेगाबिटची एकच वाट आहे. वेबकॅम सुरू झाला की आपल्या चित्रासाठी त्या वाटेचा मोठा हिस्सा आधीच राखून ठेवतो. दुसऱ्या कॅमेऱ्याला उरलेली जागा पुरली नाही तर त्याचे चित्र काळे येते किंवा तो सुरूच होत नाही. ५ गिगाबिटचे दोन पोर्ट चिपसेटला सरळ जोडलेले होते, आणि वेगवान पोर्टमध्येही यूएसबी २.० च्या स्वतंत्र तारा असतातच, म्हणून दोन्ही कॅमेरे तेथे लावले. जोडणी झाल्यावर खात्री करण्यासाठी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये `View` मधून `Devices by connection` निवडले. त्या झाडात कीबोर्ड आणि माऊसचा रिसीव्हर एका हबच्या फांदीखाली दिसले, आणि दोन्ही कॅमेरे मुळाशी वेगवेगळे दिसले. मॅन्युअलमध्ये आकृती नसेल तर हीच पाहणी करून हब ओळखता येतो, मात्र तोवर बोर्ड विकत घेतलेला असतो.

माऊसच्या रिसीव्हरची जागाही जाणूनबुजून निवडली. यूएसबी ३ च्या संकेतांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट होतो, आणि वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात चालतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर निबंधही प्रसिद्ध केला होता. एसएसडीवर मोठी फाइल जात असताना माऊस अडखळतो आणि फाइल संपली की सुरळीत होतो, हे त्याचे हमखास लक्षण. म्हणून रिसीव्हर टाइप-सीपासून सर्वांत लांबच्या, पीएस/२ शेजारच्या यूएसबी २.० पोर्टमध्ये घातला. माइकला १० गिगाबिटचा पोर्ट दिला. त्याला तेवढ्या वेगाची मुळीच गरज नाही. पण तो पोर्ट हबमागे नव्हता आणि आवाज तुटणे हे ताईंच्या कामात चित्र तुटण्यापेक्षा जास्त जाचक ठरते.

आवाजाच्या जॅकवर एक तिसरा बोर्ड बाद झाला, त्याचा उल्लेख येथेच करतो. तो अधिक नवा आणि दिसायला देखणा होता, यूएसबीही भरपूर होते. परंतु मागे दोनच गोल जॅक आणि एक चौकोनी ऑप्टिकल आउटपुट होता. दोन जॅक म्हणजे स्पीकर आणि माइक. तानपुऱ्याला हवा असलेला लाइन-इन, म्हणजे दुसऱ्या साधनाचा आवाज तारेने आत घेणारा जॅक, त्यात नव्हता, आणि ऑप्टिकलमधून आवाज बाहेर जातो, आत येत नाही. आम्ही घेतलेल्या बोर्डवर तीन जॅक होते : पोपटी रंगाचा लाइन-आउट, फिकट निळा लाइन-इन आणि गुलाबी माइक. स्पीकर पोपटीला, तानपुरा निळ्याला. तानपुरा गुलाबीला लावून चालत नाही, कारण माइकचा जॅक क्षीण आवाज अनेक पटींनी वाढवण्यासाठी केलेला असतो. तानपुऱ्याच्या आउटपुटचा जोरकस आवाज त्यात घातला की षड्ज फाटल्यासारखा ऐकू येतो.

तीन जॅकच्या बोर्डवर ७.१ असे लिहिलेले असते, त्याचाही अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सहा वाहिन्यांचे, म्हणजे ५.१ चे, स्पीकर लावले तर निळा जॅक मागच्या स्पीकरांना जातो आणि गुलाबी जॅक मधल्या स्पीकरला व सबवूफरला जातो, म्हणजे लाइन-इन आणि माइक दोन्ही नाहीसे होतात. आठ वाहिन्यांसाठी पुढच्या पॅनेलचा जॅकही खर्ची पडतो. ताईंच्या मुलाने पुढेमागे ५.१ स्पीकर लावण्याचे मनात आणले होते. त्याला मी बोर्डकडे बोट दाखवून समजावले की या तीन भोकांमध्ये तानपुरा आणि ५.१ एकत्र राहू शकत नाहीत, त्यासाठी मागे पाच जॅक असलेला बोर्ड लागेल. त्याने तो विचार सोडला.

जोडणी पूर्ण झाल्यावर तिन्ही पडदे पहिल्या प्रयत्नात लागले आणि टीव्हीवर ६० हर्ट्झ मिळत असल्याचे विंडोजच्या `Advanced display` मध्ये दिसले. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला की स्पीकर बंद पडले. स्पीकर ठीक होते. एचडीएमआयमधून चित्रासोबत आवाजही जातो, त्यामुळे टीव्ही चालू होताच विंडोजने त्यालाच आवाजाचे मुख्य साधन ठरवले होते, आणि टीव्हीचा आवाज शून्यावर होता. खरे तर मोजणीच्या वेळीच मी एचडीएमआयला आवाजाच्या रकान्यातही लिहायला हवे होते, कारण त्या संगणकाला आवाजाची दोन आउटपुट होती आणि मी एकच धरले होते. आवाजाच्या सेटिंगमध्ये बोर्डच्या जॅकवरचे, रिअलटेक या नावाने दिसणारे स्पीकर मुख्य केले आणि टीव्हीचे आउटपुट बंद करून ठेवले.

ओबीएसमध्ये माइक आणि लाइन-इन ही दोन वेगळी साधने म्हणून घेतली आणि वेगळ्या ट्रॅकवर ठेवली. यातील मर्यादा ताईंना आधीच सांगितली होती : ऑनलाइन वर्गाचे सॉफ्टवेअर एका वेळी एकच इनपुट घेते, म्हणून थेट वर्गात तानपुरा माइकपाशीच ठेवून ऐकवावा लागतो, आणि लाइन-इनचा उपयोग मुद्रणापुरताच होतो. पहिला धडा यमनचा झाला. त्यात तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर स्वच्छ उतरला, आणि हार्मोनियमवरील कॅमेरा चाळीस मिनिटांत एकदाही काळा पडला नाही.